नावे कुणाच्या? जादूच्या चोपडीचा हिशेब

दिवाळीच्या आधी अप्पा बळवंत चौकात गेलं की लाल पुठ्ठ्याच्या चोपड्यांचे ढीग दिसतात. मी दर वर्षी एक घेतो. माझं दुकान नाही. आम्ही पाच जण बुधवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर रविवारी रोलप्लेइंगचा खेळ खेळतो. मी सूत्रधार. जग मी मांडतो, बाकीचे चौघे त्यात आपापलं पात्र घेऊन उतरतात आणि अडेल तिथे फासा टाकायचा. आमच्या जगातल्या जादूचा हिशेब चोपडीत राहतो. तो कसा जमला आणि कुठे फसला, हे सांगायचं तर आधी इतरांनी काय केलं ते पाहायला हवं.

या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यातल्या जादूची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधून आली: मंत्र डोक्यात भरून घ्यायचा आणि एकदा उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. आजच्या आवृत्त्यांत याचं रूप म्हणजे दिवसाला मंत्रांच्या ठरावीक जागा. रात्रभर झोप काढली की त्या पुन्हा भरतात. मर्यादा चोख आहे, पण हिला किंमत म्हणता येत नाही. जे सकाळी फुकट परत मिळतं, ते खर्च झालं असं कुणाला वाटत नाही. मेलेल्याला उठवायला त्याच खेळात पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा जाळावा लागतो. पहिल्या महिन्यात हे जड जातं. पुढे खजिने हाती लागले की मरण म्हणजे सराफाकडची एक फेरी होऊन बसते.

जुन्या आवृत्त्यांमध्ये वेग वाढवणाऱ्या मंत्राने माणूस एका वर्षाने म्हातारा व्हायचा. कागदावर हे भयंकर दिसतं. पण वीस वर्षांचं पात्र एकवीसचं झालं तर खेळणाऱ्याचं काय गेलं? तो साठीचा होईपर्यंत तो खेळ चालणारच नसतो. किंमत कथेत लिहिली गेली, टेबलावर कधी वसूल झालीच नाही. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’ने हे बरोबर पकडलं. तिथे मंत्र म्हटला की मनाचा तोल ढळतो, तो आकड्यात मोजला जातो आणि शून्यावर आला की पात्र खेळणाऱ्याच्या हातातून जातं. १९९८ च्या ‘अननोन आर्मीज’मध्ये तर दारू पिऊन शक्ती साठवणारा एक पंथ आहे. शुद्धीवर आला की साठवलेलं सगळं गेलं. शक्ती हवी तर आयुष्य नासवत राहायचं. मला हा नियम फार आवडतो, पण माझ्या माडीवर शेजारच्या काकूंसमोर तो खेळवता येत नाही.

आपल्याकडे या प्रश्नावर यापेक्षा नेमकं काम झालेलं आहे.  महाभारताच्या आदिपर्वातली कचाची कथा नियमांच्या नजरेने वाचून पाहा. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या आहे. दानव कचाला मारतात, त्याचे तुकडे लांडग्यांना घालतात. शुक्राचार्य हाक मारतात आणि तो लांडग्यांची शरीरं फोडून बाहेर येतो. म्हणजे नियम असा: हाक मारली की मेलेला असेल तिथून येतो, आणि ज्याच्यात असेल त्याला फोडून येतो. दानवांनी हा नियम नीट वाचला. पुढे त्यांनी कचाला जाळलं आणि राख मद्यातून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजली. आता हाक मारणाऱ्याचंच पोट फुटणार. तोड एकच उरली: पोटातल्या कचाला विद्या शिकवायची, म्हणजे बाहेर आल्यावर तो गुरूला उठवील. जी विद्या चोरायला कच आला होता ती अशी मिळाली. इथे कुणी नियम मोडला नाही. शत्रूने नियम वापरला, आणि त्यातूनच कथा पुढे गेली. मर्यादा चांगली की नाही हे ओळखायची माझी खूण हीच: ती शत्रूला वाचता येते का, आणि वाचून त्याला काही करता येतं का?

दुसरा दाखला कर्णाचा. कवचकुंडलं देऊन त्याने इंद्राकडून शक्ती घेतली. एकाच शत्रूला मारणार, मग इंद्राकडे परत जाणार. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेना अशी झोडपली की ती त्याच्यावर टाकावीच लागली, आणि कृष्णाला आनंद झाला. एकदाच वापरायच्या शस्त्राची खरी किंमत म्हणजे ते राखून ठेवण्याचा ताण. पण त्यासाठी समोरच्याकडे घटोत्कच लागतो. माझ्या पहिल्या खेळात तो नव्हता. माझा भाचा त्याच्या पात्राला मिळालेला एकमेव महामंत्र वर्षभर बाळगून होता. शेवटच्या रविवारी विचारलं तर म्हणाला, “मामा, तशी वेळच आली नाही.” चूक माझी होती. दुर्मीळ मंत्र द्यायचा तर तो खर्च करायला लावणारं संकट सूत्रधाराने आधीच रचून ठेवायला हवं.

आता आमची चोपडी. आमचं शहर सात वारांच्या सात पेठांचं. त्यातल्या जादूने नवं काही निर्माण होत नाही, असलेलं फक्त एका खात्यातून दुसऱ्यात जातं. हलवता येतो तो माल पाचच प्रकारचा: उष्णता, प्रकाश, वजन, आवाज आणि वेदना. मंत्र म्हणण्याआधी खेळणाऱ्याने चोपडीत दोन्ही बाजू लिहायच्या: जमा कुणाला, नावे कुणाच्या. हाक पोचेल एवढ्याच अंतरात. जीव आणि आठवण हलत नाही, कितीही मोजायची तयारी असली तरी नाही.

ही शेवटची अट मला तपकीर गल्लीत सुचली. वायर घ्यायला गेलो होतो. विजेचं बिल कितीही भरायची ऐपत असली तरी बारीक वायरवर गिझर चालत नाही, फ्यूज उडतो. बिल म्हणजे किंमत, फ्यूज म्हणजे मर्यादा. किंमत ठरवते की एखादी गोष्ट किती वेळा करता येईल. मर्यादा ठरवते की कोणती गोष्ट मुळीच करता येणार नाही. जादूचे बरेच आराखडे फसतात ते फ्यूजच्या जागी मोठं बिल लावल्यामुळे. खेळणारे बिल भरायला शिकतात, आणि मग हवं ते करतात.

फाशाने मला सर्वांत जास्त छळलं. प्रत्येक पात्राला दहा श्वास, मंत्राला तीन श्वास, आणि दोन फाशांची बेरीज सात किंवा जास्त आली तर मंत्र लागला, असं मी आधी ठेवलं होतं. छत्तीसपैकी एकवीस वेळा सात किंवा वर पडतं, म्हणजे शंभरात अठ्ठावन्न. ऐकायला बरं वाटतं. पण श्वास दोन्ही वेळा जातात, त्यामुळे एक लागलेला मंत्र सरासरी पाच श्वासांना पडतो आणि दहा श्वासांत जेमतेम दोन. शिवाय चौदा जणांत एकाचे तिन्ही प्रयत्न वाया जातात. किंमतही द्यायची आणि नशीबही आजमावायचं, हा दुहेरी कर झाला. तिसऱ्या रविवारपर्यंत चौघांनीही तलवारी घेतल्या होत्या.

मग उलटं केलं. मंत्र लागतोच, फासा फक्त बिलाचा आकडा सांगतो. दहा किंवा वर पडलं तर दोन श्वास, सात ते नऊ पडलं तर तीन, सहा किंवा खाली पडलं तर पाच. सरासरी साडेतीनच्या थोडी वर येते. दोन मंत्र नक्की निभावतात, तिसऱ्याला दहाची शीव ओलांडायची भीती असते. ओलांडली तर पात्र कोसळतं. पहिले दोन मंत्र हसतखेळत म्हटले जातात, तिसऱ्याला टेबल गप्प होतं. एवढी एक शांतता मिळावी म्हणून तो आकडा मी दहावर ठेवला आहे.

एक प्रसंग सांगतो. बुधवार वाडा १३ मे १८७९ रोजी जळाला, तो धागा घेऊन मी खेळात वाड्याला आग लावली. आत मुलं अडकलेली. आमच्या जादूगारिणीला उष्णता काढायची होती. ती नावे टाकायची कुणाच्या? तिचं स्वतःचं शरीर भाजून निघालं असतं. नदी हाकेच्या पलीकडे. तिने चौकातल्या हौदाचं नाव लिहिलं. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी येई, तसा तो हौद. फाशावर पाच पडले, पाच श्वास गेले, आग विझली, मुलं वाचली. हौद उकळला आणि तळापर्यंत आटला. निर्जीव वस्तूच्या खात्यात घातलेलं तिच्या मालकाला कळतंच, असा आमचा नियम आहे, आणि हौदाची मालक सगळी पेठ. सकाळी बायका घागरी घेऊन आल्या आणि सरळ तिच्या दारात उभ्या राहिल्या. पुढचे तीन रविवार मला नवं कथानक रचावं लागलं नाही.

पळवाटा निघाल्याच. एकाने वेदना ढकलायला मंडईतून बारा कोंबड्या आणल्या. मी नियम घातला, जिवंत खातेदाराने तोंडाने “हो” म्हटलं पाहिजे. कोंबड्या गेल्या. पुढच्या आठवड्यात खेळणाऱ्यांनी दहा नाणी देऊन एका हमालाकडून “हो” वदवून घेतलं. हे मी बंद केलं नाही. कोंबडीला चोपडीत नाव नव्हतं, हमालाला आहे. खेळातल्या दर पाडव्याला चोपडी मोठ्याने वाचायची, आणि ज्यांच्या नावे काही पडलं ते सगळे दारात येतात, ही वसुली. दर महिन्याला वसुली ठेवली होती तेव्हा कुणी मंत्रच म्हणेना. खेळाच्या शेवटी ठेवली तेव्हा कुणाला फिकीर नव्हती. आठ-दहा बैठकींत एकदा, हे अंतर बसलं.

या पाडव्याला चोपडीत सहा नोंदी उघड्या आहेत. त्यांतल्या चार एकट्या आमच्या वैद्याच्या, आणि चारही त्या हमालाच्या नावे.