वरचे वीस ग्राहक, की वीस हजारांच्या वरचे ग्राहक?

ग्राहकांची यादी कशी बनवायची ते व्हिडिओत बघितलंत. आज त्या यादीचे गट पाडताना मी स्वतः कुठे आपटलो ते सांगतो. व्हिडिओत आकडे पटापट पळतात, इथे सावकाश बघू.

बोरिवली वेस्टला माझं सुकामेवा आणि मसाल्याचं दुकान आहे. बिल बनवताना जे मोबाईल नंबर देतात अशा २०० ग्राहकांची वर्षभराची खरेदी माझ्याकडे होती. दिवाळीच्या आधी ठरवलं, वरच्या वीस जणांना सहाशे रुपयांचा बॉक्स भेट द्यायचा. वीस बॉक्स, बारा हजार खर्च, बजेटमध्ये बसत होतं. बॉक्स गेले. चार दिवसांनी एक काकू दुकानात आल्या. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, "आमच्याच मजल्यावर शेजारी तुझा बॉक्स आला रे. चांगला होता म्हणे." एवढंच बोलल्या, अर्धा किलो काजू घेतले आणि गेल्या.

मी यादी उघडली. शेजारीण विसाव्या नंबरवर, वर्षाची खरेदी १४,८०० रुपये. काकू एकविसाव्या, १४,६००. दोनशे रुपयांचा फरक. म्हणजे पाव किलो बदामही धड नाहीत!

आता हे झालं कसं ते समजून घेऊ. गट पाडायच्या दोन सोप्या पद्धती असतात आणि मी दोन्ही वापरल्या होत्या.

पहिली पद्धत रुपयांच्या सारख्या कप्प्यांची. शून्य ते दहा हजार एक कप्पा, दहा ते वीस हजार दुसरा, असं पुढे. शाळेत ज्याला आपण वर्गांतर म्हणायचो, तेच. शीटमध्ये एका फॉर्म्युल्यात होतं:

```
=FLOOR(B2,10000)
```

B कॉलममध्ये वर्षाची खरेदी आहे असं धरा. माझ्या २०० जणांचं चित्र असं आलं. दहा हजारांच्या आत १६८ ग्राहक. दहा ते वीसमध्ये २१. वीस ते तीसमध्ये ६, तीस ते चाळीसमध्ये ३, चाळीस ते पन्नासमध्ये १. मग पन्नास ते सत्तर हजार रिकामं, आणि सत्तरच्या वर एकटा बसलेला एक. तो ग्राहक म्हणजे अंधेरीचं एक ऑफिस. दिवाळीला एकाच बिलात ७८,००० चे बॉक्स घेतले, बाकी वर्षभर फिरकले नाहीत.

हा तक्ता बघून मी काय केलं? १६८ जण "किरकोळ" म्हणून सोडून दिले आणि ३२ जणांकडेच बघत बसलो. नंतर बेरीज केली तेव्हा कळलं की एकूण विक्री १३ लाख ६० हजार, आणि त्यातले सुमारे ६ लाख ८३ हजार या किरकोळ ढिगातून आलेले. अर्धा धंदा मी एका कप्प्यात कोंबला होता. त्याच कप्प्यात वर्षाला ९,९०० ची खरेदी करणारी, दर महिन्याला येणारी बाई होती, आणि एकदा दीडशेची वेलची घेऊन गेलेला माणूसही होता. तक्त्याला दोघे सारखेच.

रुपयांचे सारखे कप्पे असे फसवतात, कारण दुकानाची खरेदी सारखी पसरलेली नसते. खाली गर्दी असते आणि वर लांबलचक शेपूट. शिवाय किती कप्पे हवेत ते सांगून रुंदी सॉफ्टवेअरवर सोडली, तर ते सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातलं अंतर भागून देतं. माझ्याकडे त्या एका ऑफिसमुळे अंतर ७८ हजारांपर्यंत ताणलं गेलं. आठ भाग केले की प्रत्येक कप्पा जवळपास दहा हजारांचा. ते ऑफिस बाजूला काढलं तर सगळ्यात मोठा ग्राहक ४६,००० चा, आणि तेच आठ कप्पे पावणेसहा हजारांच्या आसपासचे होतात. म्हणजे वर्षातून एकदा येणारं एक ऑफिस माझ्या बाकीच्या १९९ जणांचे गट ठरवत होतं. हे ओळखायची खूण सोपी आहे: एका कप्प्यात निम्म्याहून जास्त लोक आणि वरचे एक-दोन कप्पे रिकामे दिसले, की समजा कप्प्याची रुंदी चुकली.

वैतागून मी दुसऱ्या टोकाला गेलो. माणसांचे सारखे गट. यादी मोठ्याकडून लहानाकडे लावायची आणि वीस-वीस जणांचे दहा गट करायचे. पुस्तकात यांना दशमक म्हणतात, बीबीएला असताना परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. लावलेल्या यादीवर फॉर्म्युला हा:

```
=ROUNDUP((ROW()-1)/20,0)
```

पहिली ओळ हेडिंगची आहे म्हणून एक वजा. आता चित्र एकदम छान दिसलं. वरच्या दहाव्या भागातून ५ लाख २९ हजार, म्हणजे विक्रीचे ३९ टक्के. कळलं की वीस लोक गेले तर दुकानाला किती मोठं भोक पडेल. हा प्रश्न रुपयांच्या कप्प्यांनी सुटला नसता.

पण या पद्धतीने रेघ मारताना ती कुठून जातेय ते बघत नाही. वीस मोजले की रेघ. दोन माणसांमध्ये दोनशेचा फरक असो की वीस हजारांचा. काकू त्या रेघेच्या पलीकडे पडल्या. आणि रेघेच्या आत काय होतं? एका टोकाला १४,८०० ची शेजारीण, दुसऱ्या टोकाला ७८,००० चं ऑफिस. या गटाची सरासरी २६,४५० येते, पण वीसपैकी तेरा जण त्या सरासरीच्या खाली आहेत. "माझा टॉपचा ग्राहक साडेसव्वीस हजारांचा" असं मी एका बॅचला सांगितलंसुद्धा होतं. असा ग्राहक फारसा कुणी नव्हताच.

खालच्या बाजूला अजून मोठी गंमत. मागच्या दिवाळीला ११०० चा एक बॉक्स घेऊन परत न आलेले ३१ ग्राहक होते. सगळ्यांची खरेदी बरोबर ११००. वीस-वीसची रेघ मारल्यावर त्यातले ५ आठव्या गटात गेले, २० नवव्यात, ६ दहाव्यात. मी शेवटच्या दोन गटांना शंभर रुपये सूट देणारा मेसेज पाठवला. म्हणजे एकाच प्रकारच्या ३१ जणांपैकी २६ जणांना मेसेज गेला, पाच जणांना नाही. कारण काय? यादीत त्यांची नावं वर होती, बस.

यावर कुणी सांगेल की रँक वापर, सारख्या आकड्यांना सारखा नंबर मिळेल:

```
=ROUNDUP(RANK(B2,$B$2:$B$201,0)/20,0)
```

करून बघितलं. सगळ्या ३१ जणांना १५६ वा नंबर मिळाला आणि ते सगळे आठव्या गटात गेले. आठव्या गटात ४६ लोक, नववा गट पूर्ण रिकामा, दहाव्यात १४. चूक फॉर्म्युल्याची नाही. सारखे आकडे खूप असले की "सारखी माणसं" आणि "सारख्यांना सारखी वागणूक" या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. अशा वेळी त्या ३१ जणांचा स्वतंत्र गट करा आणि नाव द्या "एकदाच दिवाळी". त्या नावावरून तुम्हाला पुढे काय करायचं तेही सुचेल. नवव्या गटावरून काहीच सुचत नाही.

हे दोन्ही प्रश्न आपल्याच देशात मोठ्या पातळीवर हाताळले गेलेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९६० मध्ये अशा सारख्या वाट्यांनी तुलना करायच्या पद्धतीवर लेख लिहिला. अडचण अशी की वेगळ्या वर्षांत, वेगळ्या भागांत भाव वेगळे, मग रुपयांची थेट तुलना कशी करायची? त्यापेक्षा इथला सगळ्यात खालचा वाटा आणि तिथला सगळ्यात खालचा वाटा समोरासमोर ठेवा. माझा एक मित्र घाटकोपरला स्टेशनरी विकतो. त्याचा ग्राहक वर्षाला दोन हजारांचा असला तरी मोठा. रुपयांच्या कप्प्यात आमची तुलना हास्यास्पद होईल. पण "वरच्या दहाव्या भागातून किती टक्के" हे दोघांना विचारता येतं. त्याचं उत्तर २२ टक्के आलं, माझं ३९. माझा धंदा थोड्या लोकांवर जास्त टेकलेला आहे, हे मला तिथे कळलं.

आणि सरकारचा घरगुती खर्चाचा सर्व्हे बघा, २०२२-२३ चा. त्यात मधले गट दहा-दहा टक्क्यांचे आहेत, पण सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा दहावा भाग पाच-पाच टक्क्यांत तोडलाय. शहरी भागात ९० ते ९५ टक्क्यांच्या गटाचा महिन्याचा माणशी सरासरी खर्च १२,३९९ रुपये, आणि शेवटच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. एकत्र ठेवले असते तर हा फरक दिसलाच नसता. माझ्या ऑफिससारखंच.

उलट लाईट बिल बघा. महाराष्ट्रात घरगुती स्लॅब १०० युनिटपर्यंत, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यावर. रुंदी सारखी नाही, पण रेघा आधीपासून ठरलेल्या आणि सगळ्यांना माहीत. शेजाऱ्याने किती वीज वापरली यावर तुमचा स्लॅब बदलत नाही. दशमकात नेमकं तेच होतं. तुम्ही तेवढीच खरेदी केलीत, पण दुसऱ्या दोघांनी जास्त केली, की तुम्ही खाली.

म्हणून आता मी बक्षीस, सूट, फ्री डिलिव्हरी, उधारीची मर्यादा, म्हणजे ग्राहकाला ज्याचं कारण सांगावं लागेल ते सगळं, रुपयांच्या ठरलेल्या रेघेवर करतो. रेघा सारख्या अंतरावर नाहीत: दोन हजार, पाच हजार, बारा हजार, वीस हजार. यादी लावून जिथे दोन ग्राहकांमध्ये मोकळी जागा दिसली तिथे मारल्या. अंधेरीचं ऑफिस वेगळ्या यादीत टाकलं.

याचा अजून एक फायदा झाला. यंदाची यादी काढली तर वीस हजारांच्या वरचे ग्राहक ११ चे ८ झालेत. वीस-वीसच्या गटात हे कधीच दिसलं नसतं, वरच्या गटात वीस जण ठेवायचे असं मीच ठरवलं होतं ना! फक्त एक सांभाळा. बदामाचे भाव चढले की तेवढेच किलो घेणारा माणूसही रेघेच्या वर जातो आणि तुम्हाला वाटतं धंदा वाढला. म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर मी भाव बघून रेघा पुन्हा तपासतो आणि मोठ्या ग्राहकांचे किलोही बघतो.

बॉक्सचं म्हणाल, तर जुन्या यादीवर बारा हजारांची रेघ मारली तेव्हा २७ जण निघाले. सहाशेऐवजी साडेचारशेचा बॉक्स केला असता तर खर्च १२,१५० झाला असता, दीडशे रुपये जास्त. यंदा काउंटरवर पाटी लावलीय, वर्षाला बारा हजार. काकूंनी पाटी वाचली आणि विचारलं, "माझे किती झाले रे?" मी बिलाचं अॅप उघडून दाखवलं. ११,३५०. म्हणाल्या, "मग आज अक्रोडपण दे."