पंचकोन पकडतो आकड्यांची चूक

समजा, भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या भातशेतकऱ्यांच्या गावोगावच्या याद्या एकत्र केल्या आणि हजारो ओळींची एकच एक्सेल फाइल तयार झाली. प्रत्येक नावापुढे बारा अंकी आधार क्रमांक आहे. यातले चुकीचे कोणते, हे एकाही शेतकऱ्याला न विचारता किती कळेल? बरंच कळतं, कारण आधारचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरलेला असतो. तो तपास अंक.

अंक उतरवताना माणसं कशी चुकतात, हे डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी तिथल्या टपाल खात्याच्या नोंदींवरून पाहिलं. सुमारे ८० टक्के चुका एकच अंक बदलल्याच्या होत्या आणि १० टक्के शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याच्या. अंकांची नुसती बेरीज पहिली चूक पकडते, दुसरी नाही. ३६ काय नि ६३ काय, बेरीज ९च. बँकेच्या कार्डांवर चालणारी लून पद्धत बहुतेक अदलाबदली पकडते, पण ०९ चे ९० झाले तर तिलाही कळत नाही.

व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये सुचवलेला आणि आधारमध्ये वापरलेला उपाय पंचकोनावर उभा आहे. पुठ्ठ्याचा नियमित पंचकोन पाच प्रकारे फिरवून आपल्याच जागी बसवता येतो आणि पालथा घालून आणखी पाच प्रकारे. एकूण हालचाली दहा, म्हणजे ० ते ९ या प्रत्येक अंकाला एक. ० ते ४ म्हणजे तितके पंचमांश फेरे, ५ ते ९ म्हणजे पालथं घालणं. आधी फिरवून मग पालथा घातला की एक स्थिती येते, उलट क्रमाने केलं की बहुधा वेगळी. बेरजेत क्रमाला किंमत नसते, इथे असते. शिवाय प्रत्येक अंक तो कितव्या जागी आहे त्यानुसार ठरलेल्या तक्त्यातून आधी बदलून घेतात. सगळ्या हालचाली झाल्यावर पंचकोन मूळ जागी आला, तर क्रमांक बरोबर.

२३६३ हा छोटा क्रमांक उजवीकडून तपासू. तक्त्यातून ३ चा ३ राहतो, ६ चा ३ होतो, पुढच्या ३ चा ३ आणि २ चा १. सगळे फेरेच आहेत: ३, ३, ३ आणि १ मिळून दहा पंचमांश, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या. पंचकोन जागेवर आला. आता घाईत २६३३ लिहिलं तर? तक्ता ३, ६, ६, १ देतो. मधले दोन ६ म्हणजे एकच पालथं घालणं दोनदा, ते एकमेकांना रद्द करतात. उरले ३ आणि १, मिळून चार पंचमांश. पंचकोन जागेवर नाही, ओळ बाद. एका अंकाची किंवा शेजारच्या अदलाबदलीची कोणतीही चूक यातून सुटत नाही.

यादी तपासताना मात्र हा हिशेब शेवटी येतो. आधी क्रमांकातल्या मोकळ्या जागा काढायच्या, देवनागरी अंक इंग्रजीत बदलायचे, मग लांबी बारा आहे का आणि पहिला अंक ० किंवा १ तर नाही ना, हे पाहायचं. आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही. जिथे ओळ अडली तिथलं कारण शेजारच्या रकान्यात लिहायचं: ‘११च अंक’, ‘पहिला अंक १’, ‘तपास अंक जुळत नाही’. नुसत्या ‘अवैध’ शेऱ्यावरून गावातल्या कर्मचाऱ्याला काय पाहायचं ते कळत नाही.

एक कारण माणसाच्या नव्हे, एक्सेलच्या हातचं असतं. साध्या रकान्यात बारा अंकी संख्या 2.34568E+11 अशी दिसते. ती तशीच सीएसव्ही फाइलमध्ये साठवून पुन्हा उघडली की 234568000000 होते. शेवटी सहा शून्यं दिसली की ‘एक्सेलने शेवटचे अंक शून्य केले’ असं कारण द्यावं आणि मूळ फाइल मागवावी. अशा ओळी वेगळ्या शोधाव्याच लागतात, कारण कोणतेही बारा अंक योगायोगाने तपासातून पार होण्याची शक्यता दहात एक असते.

चूक सापडली म्हणून संगणकाला ती दुरुस्त करायला मात्र सांगू नये. न जुळणाऱ्या क्रमांकात बारापैकी कुठल्याही जागी एकेक असा अंक सापडतो, जो घातला की हिशेब जुळतो. म्हणजे बारा उमेदवार झाले, अदलाबदलीचे आणखी वेगळे. खरा कोणता, ते कार्ड पाहिल्याशिवाय कळत नाही.

तपासात पार झालेली ओळही फक्त नीट लिहिलेली असते. तो क्रमांक कुणाला दिलेला आहे का आणि दिला असेल तर याच शेतकऱ्याला का, हे पंचकोन सांगू शकत नाही. नवऱ्याच्या ओळीत बायकोचा क्रमांक पडला तरी हिशेब चोख जुळतो. म्हणून शेवटी संपूर्ण यादीत एकच क्रमांक दोनदा आला आहे का ते पाहायचं आणि आला असेल तर दोन्ही ओळींवर खूण करायची, कारण त्यांतली चुकीची कोणती हे क्रमांकावरून ठरत नाही.