फुगे दिसले, धावपळ दिसली नाही

'कसलं भारी सरप्राइज दिलंत! सगळ्यांचे मनापासून आभार. हा दिवस कायम लक्षात राहील.' वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर असा मजकूर पडतो, खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग लागते आणि विषय मिटतो. त्यात खोटं काही नसतं. पण 'सरप्राइज' हा शब्द काढला तर हेच आभार डोहाळजेवणालाही चालतील आणि सेवानिवृत्तीच्या निरोपालाही.

सरप्राइज पार्टीचे आभार मानणं अवघड जातं, कारण उत्सवमूर्तीला त्यातलं फारच थोडं दिसलेलं असतं. दिवे लागले, आरडाओरडा झाला, केक कापला एवढं आठवतं. त्याआधीच्या पंधरा दिवसांतली फोनाफोनी, थापा, वर्गणी आणि हॉलची किल्ली मिळवण्याची खटपट तिच्यापासून मुद्दाम लपवलेली असते. म्हणून लिहायला बसण्याआधी थोडी चौकशी करावी. घरातलं कोणीतरी कटात असतंच, त्याच्याकडून सगळं काढून घ्यावं. फोटोही नीट पाहावेत. फुगे कोण फुगवतंय, खुर्च्या कोण उचलतंय आणि एकाही फोटोत कोण नाही, तेही बघावं. जी फोटोत नाही, ती बहुधा फोटो काढत होती.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेची पन्नाशी आहे. एक मैत्रीण तिला टेलरकडे अडकवून ठेवते, दुसरी सांगलीहून रात्रीच्या एसटीनं येते, तिसरी घरून खांडवी करून आणते. सगळ्यांना एकत्र 'थँक्यू' म्हणून झाल्यावर टेलरवालीला वेगळं लिहायचं तर ते असं लिहिता येईल:

'अगं, ब्लाउजच्या बाह्यांवरून तू अर्धा तास हुज्जत घातलीस तेव्हा मला तुझा खराखुरा राग आला होता. मी दोनदा घड्याळ दाखवलं, तरी तू ढिम्म. एरवी साधी थाप मारतानाही तुला हसू फुटतं, काल चेहरा कसा सांभाळलास? तू तिथे खिंड लढवलीस म्हणून बाकीच्यांचं जमलं.'

खांडवीवालीला दोनच ओळी पुरतात: 'मला केक आवडत नाही हे तुझ्या इतक्या वर्षांनी लक्षात होतं! पहिल्या घासाला मी गप्प झाले ते आईच्या हाताची चव आठवली म्हणून. नाहीतर तुला वाटायचं, गूळ कमी पडला.'

दोन्हींत 'मला किती छान वाटलं' यापेक्षा 'तू काय केलंस' याला जास्त जागा आहे. हा फरक मानसशास्त्रज्ञ सॅरा अल्गो यांनी सहकाऱ्यांसह जोडप्यांवर तपासून पाहिला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आभार मानताना समोरच्याच्या कृतीचं कौतुक जितकं जास्त, तितकं ते ऐकणाऱ्याला अधिक भावलं. बोलणाऱ्याला स्वतःला झालेल्या फायद्याच्या वर्णनानं तसं घडलं नाही. खांडवीच्या निरोपात आईची आठवण आहे, पण तीही खांडवी करणारीच्या हातालाच दाद देते.

यात फसायला होतं ते मोजमापाच्या मोहानं. 'तुम्ही एवढा खर्च केलात' असं लिहिलं की वर्गणी कमी देणारी मनात खट्टू होते, म्हणून पैशांचा उल्लेख टाळलेला बरा. ग्रुपवर एकेकीचं नाव घेत गेलं तर एखादी हमखास सुटते, आणि सुटलेलं नावच नेमकं सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यापेक्षा ग्रुपवर सर्वांनी मिळून अनुभवलेला एखादाच प्रसंग लिहावा. अंधारात सगळ्या श्वास रोखून उभ्या असताना कुणाच्यातरी पर्समध्ये भजनाची रिंगटोन वाजली, हा तसा प्रसंग! बाकीचं ज्याचं त्याला, वेगळं. गुपितांचंही भान ठेवावं. जिनं शाळेत खोटं कारण सांगून सुट्टी काढली, तिच्या त्या पराक्रमाचं कौतुक ग्रुपवर नको, मुख्याध्यापिकाही त्यात असू शकतात.

आणि सरप्राइज खरंच सरप्राइज राहिलं नसेल तर? नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून आधीच ओळखलं असेल, तर 'मला कल्पनाच नव्हती' असं लिहू नये. इतरांना ते बहुतेक कळलेलं असतं. न कळलेल्या गोष्टी तरीही उरतातच. सांगलीची मैत्रीण येणार हे कुठे माहीत होतं? मग तिला पाहून पायांतलं बळ गेलं, तेच लिहावं.

एवढं लिहायला बऱ्याच जणांना संकोच वाटतो. शब्द नीट सुचणार नाहीत, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, असं वाटत राहतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये हाच संकोच तपासला. आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त केला होता आणि आनंदाचा कमी. लिहिणारे आपल्या शब्दांच्या नेमकेपणाची काळजी करत होते, वाचणाऱ्यांनी त्यातला जिव्हाळा पाहिला. तेव्हा शुद्धलेखनासाठी अडून न राहता दोन-तीन दिवसांत लिहून टाकावं. आठवडा उलटला की टेलरकडची हुज्जत आठवते, पण ती बाह्यांवरून होती की गळ्यावरून, हे विसरायला होतं.