मीटर बदलण्याआधी कपलर पाहा

पावसाळा संपता संपता दुचाकींच्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडी व्यवस्थित पळते, पण डिजिटल मीटरवरचा वेग मध्येच शून्यावर जातो, थोड्या वेळाने परत येतो आणि खड्डा आला की पुन्हा जातो. पुष्कळदा यावर ‘मीटर गेलं, बदलावं लागेल’ असा निकाल दिला जातो आणि काही हजारांचा खर्च पुढे येतो. खरा दोष बहुतेक वेळा मीटरपासून दूर असतो. तो पुढच्या चाकाजवळच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरींच्या जोडावर, म्हणजे मेकॅनिक ज्याला कपलर म्हणतात तिथे सापडतो.

जुन्या गाड्यांत चाकापासून मीटरपर्यंत एक केबल फिरत असे. आता चाकाच्या हबवर हॉल सेन्सर बसवलेला असतो. चाकाबरोबर फिरणारे चुंबक त्याच्यासमोरून गेले की सेन्सर विजेचा एक ठोका पाठवतो. एका सेकंदात किती ठोके आले, यावरून मीटर वेग काढते आणि त्याच ठोक्यांवरून किलोमीटरही मोजते. या सेन्सरला तीन वायरी असतात. एकीतून वीज येते, दुसरी अर्थिंगची आणि तिसरी सिग्नलची. ठोके थांबले की मीटरच्या दृष्टीने गाडी उभी असते, म्हणून आकडा हळूहळू न उतरता थेट शून्यावर कोसळतो.

त्यामुळे पहिला तपास हत्याराशिवाय, नुसत्या डोळ्यांनी करता येतो. वेग गेला तेव्हा मीटरवरचं बाकी काय चालू होतं? पेट्रोलच्या पट्ट्या, घड्याळ, इंडिकेटरची खूण जागेवर असेल, तर मीटरला वीज मिळते आहे. मग किलोमीटरचा आकडा पाहा. वेग शून्य दिसताना किलोमीटरही थांबले असतील, तर ठोके मीटरपर्यंत पोहोचत नाहीत. किलोमीटर पुढे सरकत असतील आणि फक्त वेग दिसत नसेल, तर मात्र मीटरवर शंका घ्यायला जागा आहे.

सगळं मीटरच काळं पडलं असेल, तर सेन्सरच्या मागे लागू नका. आधी फ्यूज, मग बॅटरी, मग मीटरच्या मागच्या कपलरमधली वीज आणि अर्थिंग तपासायची. मीटरला सहसा दोन वाटांनी वीज मिळते, एक कायमची आणि एक चावी फिरवल्यावरची. घड्याळ रोज मागे जात असेल, तर कायमची वाट तुटते आहे. स्टार्टर दाबताच मीटर विझून पुन्हा सुरू होत असेल, तर आधी बॅटरी आणि तिच्या टोकांवरचे स्क्रू पाहावेत.

आता वेग जाण्याचंच एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. १२५ सीसीची, एबीएस नसलेली मोटरसायकल घ्या. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की वेग जातो, किलोमीटर थांबतात, बाकी मीटर ठीक चालतं. गाडी डबल स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करायचं, चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरची वायर वर ज्या कपलरला मिळते तो बहुधा हेडलाइटच्या मागे असतो. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हाताशी हवा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. कपलर सोडवून मल्टिमीटर लावला जातो, १२ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग चांगलं असल्याचं ठरतं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ वीज ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या पिनेतूनही पूर्ण व्होल्ट दिसू शकतात. दुसरं असं की, यातले बहुतेक सेन्सर सिग्नलच्या वायरीवर स्वतः व्होल्ट देत नाहीत. ते मीटरने दिलेले व्होल्ट फक्त खाली ओढतात आणि सोडतात. कपलर सोडवला की चांगल्या सेन्सरचाही सिग्नल मेलेला दिसणार. म्हणून कपलर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने, वायरीलगत, बारीक सुई सरकवून मोजायचं. सुया एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत.

बॅटरीवर १२.३ व्होल्ट आहेत. कपलरमध्ये वीज आणि अर्थिंग यांच्यामध्ये १२.१ दिसतात, तेही ठीक. आता मल्टिमीटर तसाच ठेवून हँडल डावीकडे वळवलं, तर आकडा ४ वर येतो. वीज कमी झाली की अर्थिंग सुटलं, हे अजून कळलेलं नाही. त्यासाठी काळी सुई काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवायची. विजेची वायर आता हँडल वळवूनही १२.१ दाखवते, म्हणजे तिची बाजू शाबूत आहे. मग लाल सुई अर्थिंगच्या वायरीवर ठेवायची. इथे जवळजवळ शून्य हवं, ०.१ च्या वर तर नकोच. हँडल वळवताच तिथे ८ व्होल्ट दिसतात. चोर सापडला. वायर ताणली गेली की अर्थिंगचा जोड सुटतो, सेन्सरला जमीन राहत नाही आणि ठोके बंद होतात.

चावी बंद करून कपलर उघडला की कारण समोर दिसतं. अर्थिंगच्या पिनेवर हिरवट थर आहे, पिन थोडी मागे सरकली आहे आणि कपलरचं रबरी सील फाटलं आहे. वॉशिंग सेंटरमधल्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याला आत शिरायला एवढी वाट पुरते. अशा पिनेला पॉलिश पेपर घासू नये, त्याने कथिलाचा मुलामा जातो आणि गंज लवकर परततो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि मऊ ब्रश वापरावा. वायरीचं आवरण थोडं सोलून पाहावं. आतलं तांबं काळं पडलं असेल, तर तेवढा भाग कापून नवी पिन दाबून बसवावी. नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही. शेवटी सील बदलायचं आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल एवढी ढील वायरीला द्यायची.

वीज आणि अर्थिंग दोन्ही चांगलं निघालं असतं, तर चाक हाताने अगदी हळू फिरवून सिग्नलची वायर पाहायची. आकडा शून्याच्या जवळ आणि वर, असा आलटून पालटून बदलायला हवा. बदलत नसेल, तर सेन्सर किंवा चुंबक खराब. पंक्चर काढल्यानंतरच हा दोष सुरू झाला असेल, तर चाक बसवताना सेन्सर त्याच्या खाचेत नीट बसला नसण्याची शक्यता मोठी. कपलरजवळ ठोके दिसतात आणि मीटरच्या मागे दिसत नाहीत, तर मधली वायर तुटली आहे. मीटरच्या मागेही ठोके दिसत असूनही वेग शून्यच असेल, तेव्हाच मीटर दोषी.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. अशा बऱ्याच गाड्यांत चाकाचा वेग आधी एबीएसच्या युनिटकडे आणि तिथून मीटरकडे जातो. वेग जाताना एबीएसचा दिवाही लागत असेल, तर चाकाकडची बाजू तपासावी. दिवा विझलेलाच राहत असेल, तर युनिट ते मीटर ही वाट. या गाड्यांतले दोन वायरींचे सेन्सर ओहमवर मोजून काही कळत नाही, तिथे कंपनीचा स्कॅनरच लावावा. दिवा लागलेला असताना ब्रेक चालतो, पण जोरात दाबल्यास चाक जाम होऊन घसरू शकतं. अशा वेळी ओल्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवा आणि दुरुस्ती पुढे ढकलू नका.

मीटर बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिककडून कपलर जोडलेला असतानाचे वीज, अर्थिंग आणि सिग्नल हे तीन आकडे, हँडल दोन्हीकडे वळवून, मोजून घ्या. बदलावंच लागलं, तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर बिलावर लिहून घ्यायला विसरू नका. गाडी विकताना तो आकडा लागतो.