फळ्याच्या फोटोतून मीटिंगचं इतिवृत्त

प्रोजेक्टची मीटिंग संपली की कुणीतरी व्हाइटबोर्डचा फोटो काढतं, ग्रुपवर टाकतं आणि सगळे पांगतात. आठवड्याने तोच फोटो उघडला की वाद सुरू होतो. हे नक्की ठरलं होतं की नुसतं बोलणं झालं होतं? फळ्यावर निर्णय आणि सूचना एकाच मार्करने, शेजारीशेजारी लिहिलेल्या असतात. फोटोत त्यांच्यातला फरक दिसत नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक गट घेऊ. मातीतला ओलावा मोजून पंप आपोआप चालू-बंद करायचा, हा त्यांचा प्रकल्प. मंगळवार, ६ जानेवारीच्या फळ्यावर असं आहे: ‘रेझिस्टिव्ह’ शब्दावर काट, खाली ‘कपॅसिटिव्ह’भोवती गोल, ‘रिले टेस्ट – रो./सा.’, ‘रिपोर्ट प्रकरण २ – शुक्र.’, आणि कोपऱ्यात ‘ॲप??’.

आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, काट मारलेलंसुद्धा. अर्थ लावायची घाई इथे नडते. एखादं अक्षर ट्यूबलाइटच्या चकाकीत गेलं असेल तर तिथे ‘वाचता येत नाही’ असं लिहावं, अंदाजाने भरू नये. चकाकी टाळायला फ्लॅश बंद ठेवून जरा बाजूला उभं राहावं. पूर्ण फळ्याचा एक आणि प्रत्येक भागाचा जवळून एक फोटो घेतला की बारीक अक्षरंही सुटत नाहीत.

मग एकेक ओळ तपासायची. कपॅसिटिव्हभोवतीचा गोल बहुधा निर्णय आहे, पण गोल ‘यावर बोलायचंय’ म्हणूनही काढतात, त्यामुळे हजर असलेल्या दोघांना तरी विचारावं. निर्णयासोबत कारणही लिहावं: रेझिस्टिव्ह सेन्सरच्या उघड्या पट्ट्या ओल्या मातीत गंजतात. नाहीतर पुढच्या महिन्यात स्वस्त म्हणून कुणीतरी तोच सेन्सर पुन्हा सुचवतं.

‘रो./सा.’ ही सगळ्यात धोक्याची नोंद. दोघांच्या नावावरचं काम दोघंही दुसऱ्याचं समजतात, आणि गटात ‘रो’ने सुरू होणारी दोन नावं असली तर विचारायलाच नको. मदतीला कितीही जण असोत, जबाबदार एकच हवा, पूर्ण नावानिशी. ‘शुक्र.’ म्हणजे ९ की १६ जानेवारी, हेही विचारूनच लिहायचं. प्रकरण कुणी लिहायचं, हे तर फळ्यावर नाहीच. तिथे जागा रिकामी सोडून ‘नाव ठरायचं आहे’ असं ठळक लिहावं. जो गैरहजर होता त्याच्या गळ्यात काम परस्पर घालू नये.

‘ॲप??’ निर्णयांत जात नाही. त्याला ‘प्रलंबित’ असा वेगळा मथळा द्यावा आणि ते कोणत्या मीटिंगमध्ये घ्यायचं तेवढं नोंदवावं.

हा मसुदा त्याच रात्री, आठवणी ताज्या असताना, मूळ फोटोसह ग्रुपवर टाकावा आणि दुरुस्त्यांसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतची मुदत द्यावी. ज्यांच्या नावावर कामं आहेत त्यांच्याकडून मात्र स्पष्ट ‘हो’ घ्यावं. त्यांचं मौन होकार म्हणून धरू नये.