डोजी: बाजाराची घुटमळ

दिवसाचा उघडता आणि बंद भाव जवळजवळ एकच असला की कँडलला धड उरत नाही. वरखाली वाती असलेली आडवी रेघ तेवढी दिसते. ही डोजी. दिवसभर ओढाताण झाली, पण खरेदीदार आणि विक्रेते यांपैकी कोणाचीच सरशी झाली नाही, एवढेच ती सांगते.

समजा, एक शेअर 440 वरून चढत 500 ला आला. त्या दिवशी 508 ची उंची आणि 492 चा तळ गाठून तो पुन्हा 500 लाच बंद झाला. तेजी दमली असावी, ही अजून शंकाच. दुसऱ्या दिवशीचा बंद भाव 492 च्या खाली, तोही वाढलेल्या उलाढालीसह आला, तर विक्रीचा विचार करता येतो. स्टॉपलॉस 508 च्या थोडा वर. बंद भाव 508 च्या वर गेला तर तेजीने नुसता दम घेतला होता. दोन्हींच्या मधे राहिला तर निर्णय लांबलाच. दिवसात क्षणभर 492 तुटणे पुरेसे नाही. घाई करणारे नेमके इथेच फसतात.

आडव्या बाजारात किंवा तुरळक उलाढालीच्या शेअरमध्ये डोजी ढिगाने उमटतात. तिथे उलटवायला कलच नसतो.