शिक्क्यात जागा पांढऱ्यालाही लागते

सोसायटीच्या ना हरकत पत्रावरचा गोल शिक्का नीट पाहा. ‘सहकारी’ बहुधा वाचता येतं, ‘गृहनिर्माण’पाशी मात्र जांभळा डाग असतो. दोष शाईचा, असं म्हणून चिटणीस पॅड बदलतात. पुढचा शिक्काही तसाच उमटतो, कारण घोळ अक्षर निवडतानाच झालेला असतो.

रबर कागदावर दाबलं की शाई अक्षराच्या कडेबाहेर थोडी ढकलली जाते. प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी जाड होते आणि अक्षरातली पांढरी जागा तेवढीच आक्रसते. म्हणून स्क्रीनवर शोभणारा, कुठे जाड कुठे बारीक रेघांचा टाक-वळणाचा फॉन्ट शिक्क्यात दोनदा फसतो. त्याच्या बारीक रेघा शिक्का बनतानाच कमकुवत राहतात. पॉलिमरचा शिक्का निगेटिव्हमधून प्रकाश देऊन आणि न घट्टलेलं द्रव्य धुऊन तयार होतो, आणि अगदी बारीक रेघ त्या धुण्यातच वाकते किंवा निघून जाते. जाड रेघांच्या मधलं पोट पुढे शाईनं भरतं, ते वेगळंच.

यावर बरेच जण सर्वांत ठळक फॉन्ट मागतात. ते मला पटत नाही. अतिठळक देवनागरीत म आणि भ यांच्या गाठी आधीच बुजत आलेल्या असतात, शाई फक्त उरलेलं काम करते. हवा तो सगळीकडे सारख्या जाडीचा, मोकळ्या पोटाचा आणि मध्यम ठळक फॉन्ट. मुंबईच्या एक टाइपचा, मोफत मिळणारा मुक्त (यादीत Mukta) अशा कामाला बरा. लहान अक्षरासाठी त्यातलं SemiBold वजन घ्यावं, ExtraBold मोठ्या पाटीला ठेवावं.

आता एक शिक्का मांडून बघू. समजा नाव आहे ‘निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ आणि शिक्का ३८ मिलिमीटर व्यासाचा. बाहेरची रेघ आणि तिच्या आतली मोकळी जागा मिळून २ मिलिमीटर गेली. अक्षरांच्या पट्ट्याला ५ मिलिमीटर ठेवले, तर पट्ट्याच्या मध्यावरचा परीघ साधारण ९१ मिलिमीटर भरतो. खालच्या बाजूला नोंदणी क्रमांक असतो, म्हणून नावाला त्यातला तीन चतुर्थांश, म्हणजे ६८ मिलिमीटर. नावात १९ अक्षरं आहेत, शब्दांमधल्या चार जागा धरून प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३ मिलिमीटर येतात.

एवढी रुंदी पुरते. अडचण उंचीची आहे. ५ मिलिमीटरच्या पट्ट्यात वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली ऋकार बसवायचा, तर मुख्य अक्षराला निम्मीच उंची उरते. ‘गृहनिर्माण’ या एका शब्दात ऋकार खाली लोंबतो, तर वेलांटी आणि रफार वर चढतात. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ही अडचण नाही. त्यामुळे इंग्रजी शिक्क्याची मापं जशीच्या तशी उचलली की मराठी अक्षर चिणून बसतं. पत्ता, पिनकोड आणि बोधचिन्ह सगळं त्याच वर्तुळात कोंबण्याचा हट्ट सोडला, तर निम्मं काम होतं. पत्त्याला वेगळा चौकोनी शिक्का करावा.

वर्तुळात शिरोरेषाही त्रास देते. वरच्या कमानीत अक्षरांची डोकी बाहेरच्या, मोठ्या परिघावर असतात, म्हणून अक्षरं पंख्यासारखी फाकतात आणि शिरोरेषेत फटी पडतात. खालच्या बाजूला नोंदणी क्रमांकाची ओळ सरळ वाचता यावी म्हणून अक्षरांची डोकी आतल्या, लहान परिघावर येतात. तिथे शिरोरेषा एकमेकींत घुसतात आणि वेलांट्या भिडतात. म्हणून वर अक्षरं किंचित जवळ आणि खाली किंचित दूर बसवायला सांगावं. काही सॉफ्टवेअर रफार वेगळा तुकडा समजून शेजारच्या अक्षरावर सरकवतं. ‘मर्यादित’चा रफार ‘म’वर गेलेला दिसला तर मसुदा तिथेच परत करावा.

शिक्का करायला देण्याआधी मसुदा खऱ्या मापात छापून घ्या. मग त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. प्रत्येक फेरीत बारीक पांढरी जागा थोडी बुजत जाते, शाईच्या पसरण्याचा हा ढोबळ अंदाज. दुसऱ्या प्रतीत ‘स्था’मधल्या थची गाठ मोकळी दिसत असेल तर पुढे जा. बुजली असेल तर वजन एक पायरी उतरवा किंवा ‘मर्यादित’चं ‘मर्या.’ करून अक्षर मोठं करा. अधिकृत नाव संक्षेपात चालेल का, हे मात्र कमिटीनं आधी ठरवावं.

नवा शिक्का आल्यावर पहिले दोन ठसे रद्दी कागदावर मारा, ताज्या पॅडची जादा शाई त्यात निघून जाते. पाचव्या ठशालाही तीच गाठ भरलेली दिसली, तर जुन्या टूथब्रशनं रबर घासून पुन्हा मारून बघा. त्यानंतरही भरली, तर शिक्का दुकानात परत न्या आणि ती जागा बोटानं दाखवा.